मेसचं बिल तपासायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात असताना मी दोन वर्षं मेस सेक्रेटरी होतो, पुढे काही वर्षं एका वसतिगृहाच्या कार्यालयात हिशेबही लिहिले. म्हणजे बिलाच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभं राहून झालंय. भांडणं दोन्हीकडून तीच ऐकली, आणि बहुतेक वेळा पैसे कुणी खाल्लेले नसतात, दिवस चुकीचे मोजलेले असतात.

खाली उदाहरण एकच घेतलंय. रत्नागिरीकडची एक मुलगी, २०२५ सालचा ऑगस्ट महिना. गणपती २७ ऑगस्टला बसले. ती २६ तारखेला दुपारी मेसमध्ये जेवून निघाली आणि ३ सप्टेंबरला दुपारच्या जेवणाला परत आली. म्हणजे महिना बदलतानाच खाडे पडले, आणि गोंधळ व्हायचा तो नेमका तिथेच होतो. दर समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत. तुमच्या मेसचे दर नि नियम वेगळे असतील, तपासायची रीत तीच.

बिल हातात आलं की आधी काय बघू?

सगळ्यात खालची ‘देय रक्कम’ सोडून बाकी सगळं. आपण नेमकं उलटं करतो. खालचा आकडा ओळखीचा वाटला की बिल खिशात, आणि जास्त वाटला की थेट खिडकीवर.

आधी दिवस बघा, मग दर, मग खाड्यांची सूट, मग पाहुण्यांची ताटं नि फीस्ट, आणि अनामतीची ओळ सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे. दिवस चुकले तर पुढचे सगळे आकडे चुकतात, आणि अनामत मध्ये घुसली की आधीची चूक दिसेनाशी होते.

‘हजर दिवस’ म्हणजे मी जेवले ते दिवस ना?

नाही. अर्धी भांडणं या एका शब्दावर होतात.

मेसच्या हिशेबात तीन वेगळे दिवस असतात. पहिला, मेस चालू होती ते दिवस. ऑगस्टमध्ये ते ३१. दुसरा, तुम्ही खरोखर ताटावर बसलात ते दिवस. तिसरा, मंजूर खाडे, म्हणजे नियमात बसणारी नि अर्ज दिलेली गैरहजेरी.

आपल्या उदाहरणातली मुलगी राखीपौर्णिमेलाही घरी गेली होती, ९ आणि १० ऑगस्ट, शनिवार-रविवार. गणपतीचे २७ ते ३१ हे पाच दिवस वेगळे. म्हणजे ती जेवली ३१ वजा २ वजा ५, एकूण २४ दिवस. तिच्या वहीत २४ लिहिलेलं आणि बिलावर ३१. ती चिडली, साहजिक आहे.

पण त्या मेसचा नियम असा: सलग किमान चार पूर्ण दिवस गैरहजर असाल आणि दोन दिवस आधी अर्ज दिला असेल, तरच खाडा धरला जाईल. राखीचे दोन दिवस त्यात बसत नाहीत. त्या दिवशी ती जेवली नाही हे खरं, पण हिशेबापुरती ती हजर. त्यामुळे मंजूर खाडे पाच, सात नव्हेत.

२६ तारखेचं काय? नाश्ता नि दुपारचं जेवण झालं होतं, म्हणून तो हजर दिवस. ३ सप्टेंबरही तसाच. काही मेसमध्ये अर्धा खाडा धरतात, एका वेळेचा. तुमच्याकडे तसं असेल तर नियमपत्रकात लिहिलेलं असतं. नसेल तर धरून चालू नका.

मग तिचं ऑगस्टचं बिल किती व्हायला हवं होतं?

रोजचा दर १२० रुपये. त्यात ९० रुपये अन्नाचे आणि ३० रुपये स्थिर खर्चाचे. खाड्याला फक्त अन्नाचे ९० परत मिळतात. शिवाय तिची बहीण दोन वेळा जेवून गेली होती, पाहुण्याचं ताट ७० रुपये.

पूर्ण महिन्याचे ३१ × १२० = ३,७२०. त्यातून पाच खाड्यांचे ५ × ९० = ४५० वजा. राहिले ३,२७०. पाहुण्यांचे १४० मिळवले की ३,४१०.

आता हेच दुसऱ्या वाटेनं करून बघा. पूर्ण दराचे दिवस २६, म्हणजे २६ × १२० = ३,१२०. खाड्याच्या पाच दिवसांचा स्थिर खर्च ५ × ३० = १५०. बेरीज पुन्हा ३,२७०. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला की तुमचं गणित पक्कं. नाही आला तर खिडकीवर जाण्याआधी स्वतःचं तपासा.

या दोन वाटांची खिचडी झाली की वेगळीच चूक होते: आधी २६ दिवसच धरायचे आणि वर ४५० सूटही द्यायची. तसं केलं तर २,६७० येतात, म्हणजे खऱ्या आकड्यापेक्षा ६०० कमी. पाच दिवस दोनदा वजा झाले.

अशी चूक माझ्या फायद्याची असेल तर गप्प बसावं का?

बसू नका. ती रक्कम वर्षअखेरच्या तपासणीत सापडते आणि ‘मागील फरक’ म्हणून एकदम अंगावर येते, तीही बहुधा परीक्षेच्या महिन्यात, हॉल तिकीट अडलेलं असताना. मी स्वतः अशा वसुलीच्या याद्या टाइप केल्या आहेत.

खाड्याला पूर्ण १२० का मिळत नाहीत?

तुम्ही घरी गेलात तरी आचारी, पोळ्यावाल्या मावशी, भांडी घासणारा, गॅस, वीज हे सगळं चालूच असतं. दहा पोरं घरी गेली म्हणून मावशींचा पगार कमी होत नाही. वाचतं ते पीठ, भाजी, दूध, तेल. म्हणून सूट अन्नापुरती. दोन दिवस आधी कळवायची अटही त्यासाठीच: भाजी आदल्या दिवशी आणलेली असते आणि कणीक पहाटे माथा मोजूनच मळतात.

ही वाटणी मला योग्य वाटते. पण अट एकच, ३० आणि ९० ही फोड लेखी हवी. ‘खाड्याला साधारण तीनचतुर्थांश मिळतात’ असं तोंडी सांगणाऱ्या मेसमध्ये दर वाढला की सूट जुनीच राहते.

मी पाच दिवस नव्हते, बिलात चारच खाडे आहेत. असं कसं?

आपल्या मुलीच्या बिलात हेच झालं. बिल आलं ३,५०० रुपयांचं. हवं होतं ३,४१०. फरक ९०, म्हणजे बरोब्बर एका खाड्याचा.

फरकाला एका खाड्याच्या रकमेनं भागून बघायची सवय लावा. निःशेष भाग गेला तर चूक दिवसांत आहे. नाही गेला तर दरात किंवा बेरजेत.

चूक कार्यालयाच्या एक्सेलमध्ये होती. B1 मध्ये खाडा सुरू झाल्याची तारीख, B2 मध्ये संपल्याची, आणि दिवसांच्या रकान्यात:

```
=B2-B1
```

३१ वजा २७ म्हणजे ४. पण बोटावर मोजा: २७, २८, २९, ३०, ३१. पाच. दोन्ही टोकांचे दिवस धरायचे असले की वजाबाकीत एक मिळवावा लागतो:

```
=B2-B1+1
```

गंमत म्हणजे ही चूक प्रत्येक खाड्याला एकच दिवस खाते. त्यामुळे वीस दिवस घरी असलेल्याला एकोणीस दिसतात आणि त्याच्या लक्षातही येत नाही. चार दिवसांच्या खाड्याचे मात्र तीन होतात आणि किमान चारच्या अटीत तो अख्खाच उडतो.

महिना बदलताना पडलेल्या खाड्यांचं काय होतं?

सप्टेंबरचं बिल बघू. १ आणि २ सप्टेंबर, दोन खाडे. १८० रुपये वजा व्हायला हवेत. बिलात सूट शून्य.

कारण बिल महिन्यागणिक निघतं. सप्टेंबरची यादी काढताना यंत्राला किंवा कारकुनाला फक्त सप्टेंबर दिसतो. दोन दिवसांची गैरहजेरी, चारपेक्षा कमी, नामंजूर. खरं तर ती २७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर अशी सलग सात दिवसांची एकच गैरहजेरी आहे. किमान दिवसांची अट सलग गैरहजेरीला लावायची, महिन्याच्या तुकड्याला नाही. सूट तेवढी दोन बिलांत विभागायची: पाच दिवस ऑगस्टला, दोन सप्टेंबरला.

यावर उपाय अर्जातच आहे. ‘गणपतीनिमित्त रजा’ एवढंच लिहू नका. ‘शेवटचं जेवण २६ ऑगस्ट दुपार, परत आल्यावर पहिलं जेवण ३ सप्टेंबर दुपार, मधले पूर्ण दिवस ७’ असं लिहा. जेवण लिहिलं की कोणता दिवस धरायचा हा वाद उरत नाही. अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या, निदान फोटो काढून ठेवा. गेटवरच्या रजिस्टरमध्ये जाताना-येताना सही करा. कार्यालय शेवटी तेच उघडून बघतं.

रोजचा दरच चुकीचा असेल तर? तो मी कसा तपासणार?

ठेकेदाराची मेस असेल तर दर करारात ठरलेला असतो. नोटीस बोर्डावरचा दर आणि बिलावरचा दर एक आहे ना, एवढंच बघायचं.

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या डिव्हायडिंग मेसमध्ये दर महिना संपल्यावर निघतो, आणि तिथे खरी मजा असते. त्या ऑगस्टचा ताळेबंद असा होता. महिन्याच्या सुरुवातीला कोठारात ४०,००० रुपयांचा माल. महिन्याची खरेदी ३,२०,०००. महिनाअखेर शिल्लक माल ४५,०००. म्हणजे प्रत्यक्ष शिजलं ३,१५,००० चं. सगळ्यांचे मिळून जेवलेले (आणि हिशेबापुरते हजर धरलेले) दिवस ३,५००. भागाकार ९०. हा अन्नाचा दर.

पगार, गॅस, वीज मिळून १,११,०००. हे मात्र खाडेवाल्यांनाही द्यायचंय. महिन्यात एकूण मंजूर खाडे २००. म्हणून इथे भागायचं ३,७०० नं. उत्तर ३०.

दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, महिनाअखेरचा शिल्लक माल वजा करायचा राहून जातो. तसं झालं तर अन्नाचा खर्च ३,६०,००० दिसतो आणि दर ९० चा १०२ रुपये ८६ पैसे होतो. एखाद्या महिन्यात दर एकदम दहा-बारा रुपयांनी चढला आणि पुढच्या महिन्यात तसाच उतरला, तर महागाईला दोष देण्याआधी कोठाराची वही मागा.

दुसरी घसरण बारीक आहे. सगळा खर्च, ४,२६,००० रुपये, सरळ ३,५०० नं भागतात, दर काढतात १२१ रुपये ७१ पैसे, आणि शिवाय खाडेवाल्यांकडून रोजचे ३० घेतात. म्हणजे पगाराचे पैसे हजर मुलांनी पूर्ण भरले आणि गैरहजर मुलांनी वर ६,००० भरले. मी सेक्रेटरी असताना पहिले तीन महिने हेच केलं होतं. शिल्लक वाढतेय म्हणून खूशही होतो. तपासायची युक्ती अशी: सगळ्यांकडून गोळा होणारी रक्कम खर्चाएवढीच यायला हवी. ३,५०० × १२० म्हणजे ४,२०,०००, अधिक २०० × ३० म्हणजे ६,०००. एकूण ४,२६,०००. जुळलं.

अनामत आणि अॅडव्हान्स एकच ना?

पावती एकच असली तरी नाही. त्या मुलीनं जुलैत १८,००० भरले. त्यातले १५,००० अॅडव्हान्स, म्हणजे सत्रभराच्या बिलांसाठी आगाऊ रक्कम. दर महिन्याचं बिल त्यातून वळतं होतं. उरलेले ३,००० अनामत. ती सोडून जाताना परत मिळते; मध्ये हात लावायचा नसतो. ताट-वाटी हरवली, काही मोडलं किंवा शेवटी बाकी राहिली, तरच त्यातून कापतात.

जुनी पावती आत्ताच शोधा. तिच्यावर दोन रकमा वेगळ्या लिहिल्या आहेत का बघा. नुसतंच ‘मेस १८,०००’ असेल तर तशी फोड लिहून मागा.

बिलावर ‘अनामतीतून वळते, देय शून्य’ आलंय. चांगलंच आहे की!

थांबा. सत्राचा पूर्ण हिशेब मांडू.

मेस १५ जुलैला सुरू झाली: १७ दिवस, २,०४०. ऑगस्ट ३,४१०. सप्टेंबर ३,६०० वजा १८०, म्हणजे ३,४२०. ऑक्टोबरात दिवाळीला नऊ दिवस मेसच बंद होती, म्हणून २२ दिवसांचे २,६४०. नोव्हेंबर २५ तारखेपर्यंत, ३,०००. सगळे मिळून १४,५१०. अॅडव्हान्स १५,०००, म्हणून शिल्लक ४९०. अनामत ३,००० तशीच. एक ताट नि पेला हरवला त्याचे १२० गेले. तिला परत मिळायला हवेत ४९० अधिक २,८८०, एकूण ३,३७०.

कार्यालयानं काय केलं? ऑगस्टचे ९० आणि सप्टेंबरचे १८० जास्त लावल्यामुळे ऑक्टोबरअखेर अॅडव्हान्सात ३,४९० ऐवजी ३,२२० राहिले. तरी नोव्हेंबरचे ३,००० त्यातून सहज भागत होते. ते न करता नोव्हेंबरचं बिल अनामतीतून वळतं केलं. देय शून्य, मुलगी खूश.

पण अनामत संपली. अॅडव्हान्सातले ३,२२० ‘पुढच्या सत्राला ओढले’ असं लिहून ठेवलं. ती पुढच्या सत्रात मेस सोडणार होती. अनामत मागायला गेली तर उत्तर: ‘तुमची अनामत नोव्हेंबरमध्ये संपली, बाई.’ दुसऱ्या रकान्यातले पैसे मागायचे हे तिला ठाऊकच नव्हतं.

बघा, अनामतीतून वळते केल्यानं पैसे बुडाले नव्हते, फक्त जागा बदलली होती. बुडाले होते ते २७०, आणि ते दोन-तीन महिने आधीच, खाड्यांत. म्हणून वळतं करण्याची ओळ आली की एवढंच विचारा: अॅडव्हान्स संपला होता का? नसेल तर अनामतीला हात का लावला? आणि खातेउतारा मागा. त्यात दोन रकाने वेगळे दिसायला हवेत.

दिवाळीला मेस बंद होती त्या दिवसांचे खाडे टाकायचे का?

नाही. मेस बंद म्हणजे तो दिवस हिशेबातच नाही, स्थिर खर्चासकट. काही करारांत पगारापोटी सुट्टीतही रोजची काही रक्कम घेतात, तसं असेल तर ते आधीच लिहिलेलं हवं.

बिलात ५ टक्के जीएसटी लावलाय. बरोबर आहे का?

कॉलेज स्वतः मेस चालवून आपल्याच विद्यार्थ्यांना जेवण देत असेल तर जीएसटी लागत नाही. बाहेरचा ठेकेदार असेल तर लागू शकतो, पण मग बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. कर सूट वजा केल्यानंतरच्या रकमेवर लावायचा. परत मिळणाऱ्या अनामतीवर कर नाही.

मी पुण्यात बाहेरच्या मेसला जातो. तिथे हे कसं लागू होतं?

तिथे बहुधा ताटांवर हिशेब असतो. महिन्याची ६० ताटं म्हणताना रविवारी संध्याकाळची बंद वेळ धरली आहे की वगळली, हे पहिल्याच दिवशी विचारा. चार रविवार म्हणजे चार ताटं. खाड्याचे पैसे क्वचितच परत मिळतात, दिवस पुढे ढकलतात. तेव्हा कार्डावर काकूंकडून नवी शेवटची तारीख लिहून घ्या. तोंडी ढकललेले दिवस काकूंना आठवतात, काकांना नाही.

चूक सापडली. तक्रार कशी लिहू?

छोटी आणि आकड्यांत. ‘बिल फार जास्त आहे, कृपया लक्ष घालावे’ असा अर्ज फायलीत जाऊन बसतो. त्या मुलीला शेवटी मी हे लिहून दिलं होतं:

‘मा. वसतिगृह प्रमुख यांस, २७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर २०२५ अशी माझी सलग ७ दिवस गैरहजेरी होती. अर्जाची शिक्क्याची प्रत व गेट रजिस्टरमधील नोंदीचा फोटो सोबत जोडला आहे. ऑगस्टच्या बिलात ५ ऐवजी ४ आणि सप्टेंबरच्या बिलात २ ऐवजी ० खाडे धरले आहेत. ३ खाडे × ९० = २७० रुपये माझ्या अॅडव्हान्स खात्यात जमा करावेत. तसेच नोव्हेंबरचे ३,००० रुपये अनामतीऐवजी अॅडव्हान्समधून वळते करून, मी मेस सोडत असल्याने दोन्ही शिल्लक रकमा, ताट-पेल्याचे १२० वजा जाता ३,३७० रुपये, परत मिळाव्यात.’

प्रमुखांनी उभ्या उभ्या कॅलक्युलेटरवर आकडे टाकून बघितले, कारकुनाला हाक मारली आणि म्हणाले, ‘त्या एक्सेलमध्ये एक मिळवा हो.’